अनारसा हसतो तेव्हा

परदेशस्थ मराठी माणसाने लिहिलेला दिवाळीचा लेख मी गेली कित्येक वर्षं दर दिवाळीला वाचतो. मराठी मंडळांच्या स्मरणिका, तिथले दिवाळी अंक, इथल्या अंकांतले ‘सातासमुद्रापार’ छापाचे विभाग, सगळीकडे त्याचा सांगाडा एकच असतो. पहाटेचं अभ्यंगस्नान, उटण्याचा वास, किल्ल्यातली माती, आकाशकंदील, चकली, करंजी, चिवडा, शेजारी जाणारी ताटं, आणि शेवटी ‘इथे हे काहीच नाही’. लिहिणाऱ्याच्या भावनेबद्दल मला शंका नाही. पण लेख संपल्यावर त्या माणसाचं घर मला दिसत नाही. मला माझंच घर दिसतं, कारण यादीतली प्रत्येक वस्तू माझ्याही घरात होती.

एके काळी या यादीला अर्थ होता. साठ-सत्तरच्या दशकात अमेरिकेत गेलेल्या माणसाला चकलीची भाजणी मिळत नव्हती. तेव्हा यादी ही बातमी होती. आज न्यू जर्सीतल्या एडिसनला, लंडनच्या साउथॉलला किंवा दुबईच्या करामा भागात यातलं बरंच काही दुकानात मिळतं, आणि उरलेलं पुण्याहून कुरियरने येतं. म्हणजे यादीच्या शेवटचं ‘इथे काहीच नाही’ हे वाक्य आता बहुतेक ठिकाणी खरं राहिलेलं नाही. वस्तू पोचल्या. जे पोचलं नाही ते वेगळं आहे, आणि ते यादीत मावत नाही, कारण त्याला वेळ लागतो.

हे मला नीट कळलं एका लेखाच्या दोन खर्ड्यांमुळे. साताऱ्याहून दुबईला गेलेल्या एका बाईंनी दिवाळीवरचा लेख मला वाचायला पाठवला होता. पहिल्या परिच्छेदात मी चौदा वस्तू मोजल्या. मी त्यांना एवढंच विचारलं, की यातलं दुबईत खरोखर काय मिळत नाही? त्यांचं उत्तर दोन शब्दांचं होतं: फक्त खसखस.

खसखस अफूच्या बोंडातून येते, म्हणून संयुक्त अरब अमिरातीत ती बंदी असलेल्या पदार्थांत मोडते. बॅगेत सापडली तर गुन्हा होऊ शकतो. सिंगापुरातही तिच्यावर बंदी आहे. आता खसखशीशिवाय दिवाळीचा कुठला पदार्थ अडतो? अनारसा. मी त्यांना सुचवलं, की बाकी तेरा वस्तू सोडा आणि अनारसेच लिहा.

अनारसा हा लेखकाच्या फार उपयोगाचा पदार्थ आहे, कारण तो घाईत होत नाही. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, पाणी रोज बदलायचं. मग उपसून पंच्यावर सावलीत पसरायचे, पण पूर्ण वाळू द्यायचे नाहीत. किंचित दमट असतानाच कुटायचे, चाळायचे, पिठाच्या वजनाइतका किंवा जरा कमी गूळ घालून मळायचं आणि गोळा चार-पाच दिवस मुरत ठेवायचा. नंतर खसखशीवर थापायचं आणि खसखशीची बाजू वर ठेवून मंद आचेवर तुपात तळायचं. उलटायचं नाही, झाऱ्याने वरून तूप उडवायचं, की जाळी पडते. गूळ किंवा ओल जास्त झाली तर तो तुपात पडल्यावर पसरतो, विरतो, त्याचा चुरा होतो. याला आपल्याकडे ‘अनारसा हसला’ म्हणतात.

दुसऱ्या खर्ड्यात बाईंनी ही सगळी कृती दिली नाही, ते बरं केलं. त्या एकाच पायरीवर थांबल्या. साताऱ्याच्या माजघरात ज्या अंदाजाने तांदूळ वाळायचे, त्याच अंदाजाने त्यांनी ते दुबईच्या एसीच्या खोलीत पसरले. तिथली हवा कोरडी. पीठ भुरभुरीत झालं, गोळा फुटायला लागला. म्हणून त्यात पिकलं केळं कुस्करून घातलं, तेही थोडं जास्त पडलं, आणि पहिला अनारसा कढईत हसला. व्हिडिओ कॉलवर आईने कढईकडे पाहिलंही नाही. तिने विचारलं, “अगं, दळायच्या आधी तांदूळ मुठीत दाबून बघितलेस का?” मूठ उघडल्यावर दाणे जरा एकमेकांना धरून राहिले पाहिजेत. ही खूण कुठल्या पाकिटावर छापलेली नसते. मुलीने ती वर्षानुवर्षं पाहिली होती, पण स्वतःच्या मुठीत कधी घेतली नव्हती.

त्या लेखात ‘आठवण’ हा शब्द एकदाही नव्हता. वाचताना मला मात्र त्यांचं माजघर दिसलं, पंचा दिसला, आणि फोनवर चेहरा दिसत असूनही हाताला हात लावता येत नाही हे दिसलं. चौदा वस्तूंनी जे जमलं नाही ते एका मुठीने जमलं. याचं कारण मला असं वाटतं, की यादी सांगते काय हरवलं, आणि कृती दाखवते नेमकं कुठे हरवलं: हवेत, तासांत, न शिकलेल्या अंदाजात. झुम्पा लाहिरी यांच्या ‘द नेमसेक’ (२००३) या कादंबरीची सुरुवात आठवा. गरोदर आशिमा अमेरिकेतल्या स्वयंपाकघरात तांदळाच्या कुरकुरीत सीरियलमध्ये शेंगदाणे आणि कांदा घालून कोलकात्याच्या फुटपाथवरचा खाऊ जमवू पाहते. हाताशी नसलेलं मोहरीचं तेल तिला हवं असतं. कोलकात्याची आणखी वर्णनं त्या ठिकाणी लागत नाहीत.

एकच पदार्थ घेतला म्हणजे लेख साधतोच असं नाही. गेल्या काही वर्षांत असे लेख वाढले आहेत आणि त्यांचाही साचा बनतो आहे. आजी देवासारखी होते, पदार्थ शेवटी हमखास जमतो, आणि पहिल्या घासाला डोळ्यांत पाणी येतं. बाईंच्या दुसऱ्या खर्ड्यातही शेवटी ‘तीच आईच्या हातची चव’ आली होती. मी ती ओळ काढायला सांगितली, कारण ती खोटी होती. खसखशीऐवजी तीळ लावले होते, मग चव तीच कशी असेल?

दुसरी खोट अधिक खोल आहे. साजूक तुपात तळलेला, अधिक महिन्यात जावयाला तेहतीस मोजून द्यायचा अनारसा हा सगळ्या महाराष्ट्राचा पदार्थ कधीच नव्हता. दलितांच्या खाद्यसंस्कृतीवरचं शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ हे पुस्तक २०१५ साली आलं. त्यानंतर तरी ‘आपल्याकडची दिवाळी’ असं सरसकट लिहिणाऱ्याने आपण कुणाच्या स्वयंपाकघरातून बोलतो आहोत हे सांगायला हवं. एका पदार्थाचा इथेही फायदा होतो. यादी ‘आपण’ म्हणते. अनारसा मात्र कुणाच्या तरी एका घरातला असतो, त्या घरात तूप किती होतं आणि पीठ कोण कुटत होतं हे त्याच्या मागोमाग येतं, आणि लेखकाने ते येऊ द्यावं. परदेशातून आलेल्या लेखांत असं स्वयंपाकघर मी अजून फार थोड्या ठिकाणी पाहिलं आहे. ज्या घरांत दिवाळीला वेगळंच काही शिजत होतं, त्यांचे लेख तर जवळजवळ येतच नाहीत.

यात संपादकांचाही वाटा आहे. आपण ‘परदेशातली दिवाळी’ असा विषय देतो, आठशे शब्द मागतो, आणि मग यादी आली की छापतो. पुढच्या अंकासाठी लेखकाला विषय देऊ नका, एक प्रश्न विचारा: तुमच्या घरचा कुठला पदार्थ तिथे बिघडला, आणि कुठल्या पायरीवर? त्या बाईंच्या छापून आलेल्या लेखाचं शेवटचं वाक्य सांगतो. त्यांच्या ताटात त्या दिवशी अकरा अनारसे होते, तिळाचे, आणि त्यांतले चार हसलेले.