चौथा खांब

अर्डुइनो उनो या बोर्डाला चार भोकं आहेत आणि ती आयताच्या चार कोपऱ्यांवर बसत नाहीत. बोर्डाचा खालचा डावा कोपरा शून्य धरला, तर पहिलं भोक १३.९७ मिलिमीटर आडवं आणि २.५४ उभं येतं. दुसरं १५.२४ आणि ५०.८ वर आहे, तिसरं ६६.०४ आणि ७.६२ वर, चौथं ६६.०४ आणि ३५.५६ वर. हे आकडे विचित्र वाटतात, कारण मूळ मोजमाप इंचाच्या हजाराव्या भागात झालं आहे: ५५०, १००, ६००, २००० असं. उजवीकडची दोन भोकं एका रेषेत आहेत, डावीकडची दोन तेवढीही नाहीत. ज्याला या बोर्डासाठी खोकं बनवायचं आहे, त्याच्या हाती पहिला मजकूर येतो तो हा.

मी ज्या खोक्याबद्दल लिहितो आहे ते गुलमंडीवरच्या एका जुन्या घराच्या जिन्याखाली, नळाच्या पाइपाजवळ भिंतीवर टांगलेलं आहे. गुलमंडीवर पिण्याचं पाणी पैठणहून, जायकवाडीच्या नाथसागरातून येतं. ते रोज येत नाही. ज्या दिवशी येतं त्या दिवशी कळलं नाही तर घर कोरडं राहतं. म्हणून त्या घरातल्या एका मुलाने पाइपात स्टीलच्या दोन तारा सोडल्या. पाणी त्यांना टेकलं की उनोला कळतं, बोर्ड रिले ओढतो आणि पाणी चालू असेपर्यंत वरच्या मजल्यावर दिवा पेटलेला राहतो. दिव्याची २३० व्होल्टची तार आणि रिले वेगळ्या डबीत आहेत. त्याने हा निर्णय योग्य घेतला. या खोक्यात आहे तो फक्त उनो, १२ व्होल्टचं अडॅप्टर लावायचा जॅक आणि प्रोग्रॅम बदलण्यासाठी यूएसबी. खोकं ओपनस्कॅडमध्ये लिहिलेलं आणि थ्रीडी प्रिंटरवर छापलेलं आहे. वरवर पाहता ते साधं काळं खोकं आहे, पण झाकण काढलं की प्रत्येक गोष्ट जिथे आहे तिथेच का, हे वाचता येतं.

फाइलच्या सुरुवातीला चार आकडे आहेत आणि बाकी सगळं त्यांतून निघतं.

```
wall = 2; gap = 1; lift = 5; pcb = 1.6;
holes = [[13.97,2.54],[66.04,7.62],[66.04,35.56]];
peg   = [15.24,50.8];

translate([wall+gap, wall+gap, wall]) {
  for (h = holes) translate(h) difference() {
    cylinder(d=6, h=lift, $fn=40);
    cylinder(d=2.5, h=lift+1, $fn=40);
  }
  translate(peg) {
    cylinder(d=4.6, h=lift, $fn=40);
    cylinder(d=2.9, h=lift+pcb, $fn=40);
  }
}
```

भिंत दोन मिलिमीटर, बोर्ड आणि भिंतीमध्ये फट एक, खांबांची उंची पाच, बोर्डाची जाडी १.६. सगळं बोर्डाच्या त्या एका कोपऱ्यापासून मोजलेलं आहे, खोक्याच्या कोपऱ्यापासून नाही. हे महत्त्वाचं आहे. उद्या भिंत तीन मिलिमीटर करावीशी वाटली तर एक आकडा बदलतो आणि खांब, खाचा, झरोके सगळे मिळून सरकतात. खोक्यापासून मोजणारा माणूस प्रत्येक खाच वेगळी सरकवतो आणि त्यातली एखादी विसरतो.

तीन खांबांना स्क्रूसाठी भोक आहे. चौथा खांब, दुसऱ्या भोकाखालचा, मात्र बारीक आहे, त्याला स्क्रू नाही, वर एक छोटी खुंटी आहे. मला हे सगळ्यात जास्त आवडलं. उनोच्या २०११ च्या तिसऱ्या आवृत्तीत, म्हणजे आर-थ्रीमध्ये, डिजिटल पिनांच्या पट्टीला एसडीए आणि एससीएल अशा दोन पिना वाढल्या आणि पट्टी या दुसऱ्या भोकाच्या अगदी जवळ येऊन ठेपली. एससीएलची पिन १८.८ मिलिमीटरवर आहे आणि भोकाचं केंद्र १५.२४ वर. पट्टीची प्लास्टिकची कड भोकाच्या केंद्रापासून जेमतेम २.३ मिलिमीटरवर येते. एम-थ्री स्क्रूच्या डोक्याची त्रिज्या त्याहून मोठी, साधारण पावणेतीन मिलिमीटर आहे. म्हणजे डोकं पट्टीवर चढतं आणि स्क्रू आवळला की बोर्ड तिरका होतो. खालच्या बाजूलाही तेच. सहा मिलिमीटरचा खांब घेतला तर त्याची कड एससीएलच्या डाकेला जाऊन टेकते, तिथे बोर्ड अर्धा मिलिमीटर उचलला जातो, आणि कोणत्याच खांबावर नीट बसत नाही. पितळी खांब असता तर डाकेला धातू लागला असता, ही त्याहून वाईट गोष्ट.

म्हणून खांब ४.६ मिलिमीटरचा. पण एवढ्या बारीक खांबात एम-थ्रीसाठी अडीच मिलिमीटरचं भोक पाडलं, तर कडेला जेमतेम एक मिलिमीटर प्लास्टिक उरतं आणि पहिल्याच आवळण्याला ते उभं चिरतं. तेव्हा तिथे स्क्रूच द्यायचा नाही. बोर्ड पक्का धरायला तीन स्क्रू पुरेसे आहेत. चौथ्या जागी खालून आधार आणि आडवं सरकू न देणारी खुंटी हवी. बाजारातल्या तयार डब्यांत मी चारही कोपऱ्यांना सारखेच जाड खांब पाहिले आहेत. ते दिसायला नेटके असतात, पण ज्याने बोर्ड उलटा करून डाक पाहिली नाही त्याच्याच हातून ते होतात.

भोकांच्या विषमतेचा आणखी एक उपयोग आहे. नवशिक्याकडून नेहमी होणारी चूक म्हणजे बोर्ड पालथा घालून मापं घेणं. मग सगळं खोकं आरशात पाहिल्यासारखं उलटं छापलं जातं. भोकं सममित असती तर बोर्ड त्या उलट्या खोक्यात खुशाल बसला असता आणि चूक यूएसबीची केबल लावताना कळली असती. इथे ती खांबावरच कळते. त्याहून स्वस्त उपाय म्हणजे रेखाटन कागदावर शंभर टक्के मापात छापायचं, पट्टीने एक लांबी तपासायची आणि बोर्ड त्यावर ठेवून भोकांतून कागदावरच्या खुणा दिसतात का ते पाहायचं.

आता भिंतीतल्या खाचा. तळ दोन, त्यावर खांब पाच, बोर्ड १.६, म्हणजे बोर्डाचा वरचा पृष्ठभाग ८.६ मिलिमीटर उंचीवर. उनोवरचा जुना चौकोनी यूएसबी आणि जॅक दोन्ही साधारण १०.९ उंच आहेत. बेरीज १९.५. त्यावर अर्धा मिलिमीटर मोकळीक दिली की बरोबर वीस. या खोक्याच्या भिंतीची उंची वीसच आहे. त्यामुळे खाच म्हणजे भिंतीतलं बंद भोक नाही, भिंतीच्या वरच्या कडेपासून खाली ८.१ पर्यंत उतरलेली उघडी खिंड आहे, आणि सपाट झाकण बसलं की तिची चौथी बाजू आपोआप पुरी होते.

यामागचं कारण हाताच्या हालचालीत आहे. यूएसबीचं तोंड बोर्डाच्या कडेच्या पुढे सुमारे साडेसहा मिलिमीटर येतं. बंद भोक ठेवलं असतं तर बोर्ड सरळ खाली उतरलाच नसता. तो तिरका धरून आधी तोंड भोकात घालावं लागलं असतं आणि मग मागची बाजू खांबांवर टेकवावी लागली असती. त्यासाठी मागे पाचेक मिलिमीटर जागा सोडावी लागते, आणि खुंटी असेल तर तीही तिरक्या बोर्डाच्या आड येते. उघड्या खिंडीमुळे बोर्ड वरून सरळ उतरतो. खोकं कसं जोडायचं हे आधी ठरलं आणि भिंतीची उंची त्यातून आली, असा हा क्रम आहे.

यूएसबीची खिंड तेरा मिलिमीटर रुंद आहे, मूळ तोंड बाराचं. प्रिंटरवर आतली मापं थोडी आकसून येतात, म्हणून प्रत्येक बाजूला अर्धा मिलिमीटर. जॅकशेजारी भिंत बाहेरून चौदा मिलिमीटर रुंदीत एक मिलिमीटर खोल तासल्यासारखी दिसते. ही सजावट नाही. जॅक बोर्डाच्या बाहेर १.८ मिलिमीटरच येतो, आणि फट व भिंत मिळून तीन होतात. म्हणजे जॅकचं तोंड भिंतीच्या बाहेरच्या पृष्ठभागापासून १.२ आत राहिलं असतं. अडॅप्टरच्या पिनेची प्लास्टिकची मूठ खिंडीपेक्षा जाड असते, ती भिंतीला अडली असती, पिन पूर्ण आत गेली नसती आणि तार हलली की बोर्ड बंद-चालू झाला असता. असा दोष शोधताना माणूस प्रोग्रॅम तपासत बसतो. भिंतीवर कुणाचा संशय जात नाही.

झरोक्यांबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. उनोवर उष्णता करणारा भाग एकच, जॅकशेजारचा व्होल्टेज रेग्युलेटर. बोर्डाला सुमारे पन्नास मिलिअँपिअर आणि रिलेच्या कॉइलला सत्तर धरले तर १२० होतात. बारातून पाच व्होल्ट करताना उरलेले सात व्होल्ट उष्णता बनतात: ०.१२ गुणिले सात म्हणजे ०.८४ वॅट. एवढ्याशा चिपला ते बोटाला चटका बसण्याइतकं होतं. मे महिन्यात इथे पारा चाळिशी ओलांडतो आणि पीएलए प्लास्टिक साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं, त्यामुळे खोकं पीईटीजीचं आहे ते बरं आहे.

खोकं भिंतीवर उभं टांगलेलं आहे, जॅक आणि यूएसबीची बाजू खाली. तारा खालून निघतात, त्यामुळे तारेवरून ओघळलेलं पाणी आत येत नाही. थंड हवेच्या चार फटी रेग्युलेटरच्या समोर, बाजूच्या भिंतीत खाली आहेत. गरम हवेच्या चार फटी दोन्ही बाजूच्या भिंतींत वरच्या टोकाला आहेत. सगळ्यात वरच्या भिंतीत एकही नाही, कारण पाइपाचा घाम तिथेच ठिबकतो. फटी दोन मिलिमीटर रुंद आहेत, छापताना उभ्या येतात, त्यामुळे प्रिंटरला वर जेमतेम दोन मिलिमीटरचा पूल टाकावा लागतो आणि आधाराचं प्लास्टिक लागत नाही. खालच्या फटी रेग्युलेटरसमोर येतात त्याही बोर्डाच्या त्याच कोपऱ्यापासून मोजून. झाकणावर सर्वदूर फटी पाडण्यापेक्षा हे फार चांगलं आहे. गुलमंडीवरच्या गल्लीतली धूळ झाकणावरच बसते.

तरीही मी त्याला नऊ व्होल्टचं अडॅप्टर लावायला सुचवलं. मग फरक चार व्होल्टचा राहतो आणि उष्णता ०.४८ वॅटवर, जवळजवळ निम्म्यावर येते. कोणत्याही झरोक्याने एवढा फरक पडला नसता. त्याने अडॅप्टर बदललं, फटी तशाच ठेवल्या.

२०२३ मध्ये उनोची आर-फोर आवृत्ती आली. तिची भोकं त्याच जागी आहेत, म्हणून तिन्ही खांब आणि खुंटी यांना हात लावावा लागणार नाही. पण तिचा यूएसबी-सी जेमतेम सव्वातीन मिलिमीटर उंच आहे. वीसच्या भिंतीत त्याच्या डोक्यावर आठ मिलिमीटरची उघडी खिंड राहील. तिथे झाकणाला खाली उतरणारी एक जीभ द्यावी लागेल, खिंडीपेक्षा बाजूंनी पाव मिलिमीटर अरुंद, आणि तिची लांबी भिंतीच्या उंचीतून बोर्डाची उंची आणि सॉकेटची उंची वजा करून फाइलनेच काढायची.