नाथांचा जोगवा आणि संबळ

एकनाथांच्या भारुडांत जोगवा आहे, गोंधळही आहे. म्हणून रंगमंचावर ती संबळाच्या साथीने गाण्याची रीत पडते आहे. मला ती पटत नाही.

गोंधळ म्हणजे आवाहन. लग्नानंतर चौक भरून घट मांडला, दिवटी पेटली, की गोंधळी तुळजापूर, कोल्हापूर, माहूरच्या देवीला नावाने बोलावतो. संबळाला काठ्या लागतात, त्यांतल्या एकीचे टोक वाकडे. तो कोरडा, कडक ठोका अंगणाबाहेर दूर जातो. तुणतुण्याची एकच तार सूर धरते, नाईक चढ्या आवाजात गातो, साथीदार ओळीचा शेवट उचलतात. आख्यानात गद्य संवादही येतात, पण देवी येणार हे सगळ्यांनी धरलेलेच असते.

भारुडात गोंधळी हा नाथांनी घेतलेला वेश. त्यांच्या जोगव्यातली परडी बोधाची आहे, धान्याची नव्हे. हे कळायला शब्द स्वच्छ ऐकू यायला हवा. वारकरी साथीत ती सोय आहे. मृदंगाच्या डाव्या पुडीला कणीक लावतात, थाप हाताची पडते, नाद घुमतो पण शब्दावर चढत नाही. टाळकरी धृपद घोळवतात आणि भारूडकार मध्येच थांबून अर्थ उकलतो.

संबळाच्या गतीत ही थांबायची जागा बुजते. श्रोता अंगात येण्याची वाट पाहतो, परडी खरीच समजतो. संबळ हवाच असेल तर वेशाच्या प्रवेशापुरता घ्यावा. निरूपणाला मृदंगच बरा.