चयापचयाच्या ओघतक्त्यात ओघ कुठे आहे?

माझ्यासमोर एका माजी विद्यार्थिनीची वही आहे. जीवरसायनशास्त्रातले चयापचयाचे प्रकरण तिने पाठ्यपुस्तकातून उचलून ओघतक्त्यांच्या रूपात नव्याने मांडले आहे. पदार्थ चौकटीत, बाणावर विकराचे (एन्झाइमचे) नाव, शेजारी लाल गोलात त्या विकराच्या अभावी होणारा आजार आणि पानाच्या तळाशी 'नियमन' असा मथळा असलेली चौकट. अक्षर सुंदर आहे आणि रासायनिक चूक जवळजवळ नाही. अशाच धर्तीच्या छापील वह्याही विद्यार्थी वापरतात. तेव्हा हा तक्ता नेमके काय शिकवतो, हे एकदा तपासून पाहायला हवे.

त्यासाठी एकच पान घेऊ. फेनिलॲलॅनिन आणि टायरोसिन या दोन अमिनो आम्लांचे यकृतात विघटन कसे होते, याचे. वहीतला क्रम असा आहे :

१. फेनिलॲलॅनिनपासून टायरोसिन. विकर : फेनिलॲलॅनिन हायड्रॉक्सिलेज. आजार : फेनिलकीटोन्यूरिया.
२. टायरोसिनपासून हायड्रॉक्सिफेनिलपायरुवेट. विकर : टायरोसिन ॲमिनोट्रान्सफरेज. आजार : टायरोसिनिमिया, प्रकार २.
३. त्यापासून होमोजेन्टिसेट. विकर : हायड्रॉक्सिफेनिलपायरुवेट डायऑक्सिजनेज. आजार : टायरोसिनिमिया, प्रकार ३.
४. त्यापासून मॅलिलॲसिटोॲसिटेट. विकर : होमोजेन्टिसेट डायऑक्सिजनेज. आजार : अल्काप्टोन्यूरिया.
५. त्यापासून फ्युमरिलॲसिटोॲसिटेट. विकर : एक आयसोमरेज.
६. त्यापासून फ्युमरेट आणि ॲसिटोॲसिटेट. विकर : फ्युमरिलॲसिटोॲसिटेज. आजार : टायरोसिनिमिया, प्रकार १.

पुस्तकातल्या तीन-चार पानांचा हा सारांश आहे. जोड्या लावण्याच्या प्रश्नाला तो पुरेल. पण मी त्या मुलीला एक साधा प्रश्न विचारला : "पहिली पायरी बंद पडली, तर रक्तातल्या टायरोसिनचे काय होईल?" ती तक्त्याकडे पाहत राहिली. उत्तर तक्त्यात होते, पण तिला ते दिसत नव्हते. तक्त्यात आजार हे विकराशेजारी चिकटवलेले नाव होते. ओघात पडलेला अडथळा म्हणून तो काढलेलाच नव्हता.

अडथळा म्हणून काढायचा तर काय करावे लागेल? पहिल्या बाणावर फुली मारू. फुलीच्या वर फेनिलॲलॅनिन साठणार. निरोगी माणसाच्या १०० मिलिलिटर रक्तात ते सुमारे १ मिलिग्रॅम असते. तीव्र फेनिलकीटोन्यूरियात ते २० मिलिग्रॅमच्याही वर जाते. इतके साठले की एरवी जवळजवळ कोरडी असणारी एक आडवाट वाहू लागते. फेनिलॲलॅनिनपासून फेनिलपायरुवेट तयार होऊन ते लघवीत उतरते. नॉर्वेतील डॉक्टर आस्ब्यॉर्न फॉलिंग यांना १९३४ साली मतिमंद अशा दोन भावंडांच्या लघवीत हाच पदार्थ सापडला. फेरिक क्लोराइड घालताच लघवी हिरवी झाली होती. आजाराच्या नावातला 'कीटोन' हा या आडवाटेवरचा आहे. म्हणजे तक्त्यात आडवाट काढली नसेल, तर आजाराचे नावसुद्धा कळत नाही. आमच्या वहीत ती नव्हती.

फुलीच्या खाली टायरोसिनचा तुटवडा पडतो. एरवी शरीर स्वतः बनवू शकणारे हे आम्ल आता आहारातून मिळवावेच लागते. टायरोसिनपासूनच त्वचेचे मेलॅनिन बनते. शिवाय साठलेले फेनिलॲलॅनिन मेलॅनिन बनवणाऱ्या विकरालाही अडवते. म्हणून या मुलांचे केस आणि त्वचा घरातल्या इतरांपेक्षा फिकट असू शकतात. हे लक्षण पाठ करावे लागत नाही, तक्त्यावरून ते सुचते. मात्र टायरोसिनपासून मेलॅनिनकडे जाणारा फाटा काढलेला हवा.

तक्त्याच्या डोक्याकडेही पाहायला हवे. वहीतला पहिला बाण फेनिलॲलॅनिनपासून निघतो. पण फेनिलॲलॅनिन येते कुठून? आहारातल्या प्रथिनांतून, आणि शरीराच्या स्वतःच्या प्रथिनांतूनही. शरीरातील प्रथिने सतत मोडत आणि घडत असतात, म्हणून तिथे दुहेरी बाण हवा. या दुहेरी बाणावरून दोन गोष्टी समजतात. आहारातले फेनिलॲलॅनिन अगदी शून्यावर आणता येत नाही, कारण शरीर ते बनवू शकत नाही आणि नवी प्रथिने घडवायला ते लागतेच. फार तोडले तर मूल वाढत नाही. आणि पथ्य काटेकोर पाळूनही मुलाला ताप आला की रक्तातले फेनिलॲलॅनिन चढते, कारण आजारपणात शरीराची प्रथिने जास्त मोडतात. ॲस्पार्टेमने गोड केलेल्या पदार्थावर या रुग्णांसाठी इशारा छापलेला असतो, तोही याच जागी समजतो : पचनात ॲस्पार्टेममधून फेनिलॲलॅनिन मोकळे होते.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. पहिल्या विकराला एक मदतनीस रेणू लागतो, टेट्राहायड्रोबायोप्टेरिन. प्रत्येक खेपेला तो वापरला जातो, आणि दुसरे एक विकर त्याला पुन्हा मूळ रूपात आणते. वहीत हा मदतनीस बाणाखाली बारीक अक्षरात होता, त्याचे चक्र नव्हतेच. आता समजा, मुख्य विकर ठणठणीत आहे, पण मदतनिसाला परत आणणारे विकर नाही. फेनिलॲलॅनिन तसेच साठेल, आणि नुसत्या त्या तपासणीत आजार नेहमीचाच वाटेल. पण मेंदूत डोपामीन आणि सेरोटोनिन बनवणाऱ्या विकरांनाही हाच मदतनीस लागतो. त्यामुळे पथ्याने रक्तातले आकडे खाली येतात, तरी मुलाची मेंदूची लक्षणे वाढत जातात. म्हणूनच रक्तात फेनिलॲलॅनिन जास्त आढळलेल्या बाळाची या मदतनिसासाठीही तपासणी करतात. एक चक्र गाळल्यामुळे दोन वेगळे आजार तक्त्यात एकच दिसत होते.

तिसरी गोष्ट बाणांच्या दिशेची. वहीतले सगळे बाण सारखे आहेत. प्रत्यक्षात दुसरी पायरी दोन्ही दिशांनी चालते. पहिली आणि तिसरी मात्र एकदिशा आहेत. एवढा फरक दाखवला की तीन आजारांचा उलगडा होतो. तिसरी पायरी अडली, तर साठलेला माल दुसऱ्या पायरीतून मागे सरतो आणि रक्तात टायरोसिन वाढते. पण पहिली पायरी उलट जात नाही, म्हणून फेनिलॲलॅनिन वाढत नाही. चौथी पायरी अडली, म्हणजे अल्काप्टोन्यूरिया झाला, तर होमोजेन्टिसेट तिसऱ्या पायरीतून मागे जाऊ शकत नाही. मूत्रपिंडे ते दिवसाला काही ग्रॅम या प्रमाणात बाहेर टाकतात आणि टायरोसिन वाढत नाही. बाहेर पडलेली लघवी हवेत राहिली की काळी पडते. आर्चिबाल्ड गॅरड यांनी याच आजारावरून १९०२ साली जन्मजात रासायनिक दोषाची कल्पना मांडायला सुरुवात केली. 'अडथळ्याच्या मागचे सगळे साठते' हा वर्गात सर्रास सांगितला जाणारा नियम इथे चुकतो.

'नियमन' तळाच्या चौकटीत टाकण्याची पद्धतही सोडायला हवी. तिथे लिहिले होते : "फेनिलॲलॅनिन हायड्रॉक्सिलेज फेनिलॲलॅनिनमुळे उत्तेजित होते." वाक्य बरोबर आहे, पण तळाशी ते निर्जीव पडले आहे. तेच पहिल्या बाणाशेजारी लिहून फेनिलॲलॅनिनच्या चौकटीतून विकराकडे एक तुटक रेघ काढली, तर त्यातला हेतू दिसतो. पुरवठा कमी असताना विकर मंद राहते आणि दुर्मिळ आम्ल प्रथिनांसाठी वाचते. जेवणानंतर ते वाढले की विकर जागे होऊन जादा भाग विघटनाकडे लावते. धरणाचा दरवाजा पाण्याच्या पातळीनेच उघडावा, तसे.

इतके दोष दाखवूनही ओघतक्ता मला टाकाऊ वाटत नाही. नीट काढलेला तक्ता काय करू शकतो, ते सहाव्या पायरीवर कळते. तिथला अडथळा सर्वांत घातक, कारण तिथे साठणारा फ्युमरिलॲसिटोॲसिटेट आणि त्यापासून होणारा सक्सिनिलॲसिटोन यकृताला व मूत्रपिंडाला विषारी आहेत. नुसत्या पथ्याने ही मुले वाचवणे कठीण होते. मग उपाय काय? तक्ता समोर ठेवून विचार करा : शेवटचा दरवाजा उघडता येत नसेल, तर वरचा एखादा बंद करता येईल का? तिसऱ्या पायरीचे विकर अडवणारे नायटिसिनोन हे रसायन तणनाशकांच्या संशोधनातून पुढे आले होते. स्वीडनमधील डॉक्टरांनी १९९२ साली त्याने या आजाराच्या रुग्णांवर केलेल्या उपचारांचा अहवाल प्रसिद्ध केला. विष तयार होणेच थांबते. म्हणजे एका घातक अडथळ्याच्या वर मुद्दाम दुसरा, सौम्य अडथळा घालायचा. त्याची किंमतही तक्ता सांगतो : टायरोसिन मागे सरून वाढते, डोळ्यांना त्रास होऊ शकतो, म्हणून औषधाबरोबर फेनिलॲलॅनिन आणि टायरोसिन कमी असलेला आहार घ्यावाच लागतो. हेच औषध २०२० साली युरोपात अल्काप्टोन्यूरियासाठीही मान्य झाले. ते का चालावे, हे वाचकाने तिसऱ्या आणि चौथ्या पायरीकडे पाहून स्वतः ठरवावे.

तक्त्याची मर्यादाही सांगायला हवी. कोणती पायरी कोणत्या अवयवात चालते आणि किती वेगाने, हे बाणांत दिसत नाही. फेनिलॲलॅनिन वाढल्याने बाळाच्या मेंदूला इजा नेमकी कशी होते, हेही त्यावरून ठरत नाही. अडथळा कुठे आहे एवढे तक्ता दाखवतो. त्याचा त्रास कुठे आणि किती होईल, ते रुग्णाकडेच पाहून शिकावे लागते.

वही परत करताना मी आजारांची सगळी नावे कागदाच्या पट्टीने झाकली आणि एकेका बाणावर पेन्सिलीने फुली मारत चार प्रश्न विचारले. वर काय साठेल? ते कोणत्या वाटेने बाहेर पडेल? खाली काय कमी पडेल? काय खायला द्यायचे आणि काय नाही? दुसऱ्या दिवशी तिने पान नव्याने काढून आणले. त्यात दुहेरी बाण दोन होते, मदतनिसाचे चक्र होते, आणि लाल गोल एकही नव्हता. पाचव्या पायरीवर मात्र तिने प्रश्नचिन्ह ठेवले होते : "हे विकर नसेल, तर काय होते? पुस्तकात आजारच दिलेला नाही." पहिल्या तक्त्यात ही जागा रिकामी होती, हे तिच्या लक्षातही आले नव्हते.