नामावलीतला धक्का

ख्रिस मार्कर या फ्रेंच दिग्दर्शकाचा ‘ला जते’ हा लघुपट १९६२ सालचा, अवघ्या अठ्ठावीस मिनिटांचा. एक क्षण वगळता तो संपूर्ण स्थिर छायाचित्रांचा बनलेला आहे. त्याच्या नामावलीविषयी येथे लिहावे असे आम्हांला वाटते. कारण लघुपटाची नामावली म्हणजे काय, हे तिच्याइतके स्पष्ट क्वचितच दिसते.

पडद्यावर येते ते पॅरिसजवळच्या ओर्ली विमानतळावरील प्रेक्षक-सज्जाचे छायाचित्र. विमाने पाहावयास रविवारी आईबाप मुलांना घेऊन येत तो हा सज्जा. कॅमेरा त्या चित्रावरून मागे सरकतो, इंजिनाची कर्कश घरघर वाढत जाते आणि तिच्यावर समूहगान चढते. हे गान रशियन उपासनेतील पवित्र शनिवारचे. क्रूस आणि पुनरुत्थान यांमधला तो मुका दिवस आपल्या वाचकांना ठाऊक आहेच. यंत्राचा आवाज आणि उपासनेचा स्वर एकमेकांत मिसळतात, आणि कथेचा एक शब्दही कानी पडण्यापूर्वी मृत्यूची छाया पडून जाते. ज्या सज्जावर नामावली उमटते, त्याच सज्जावर कथानायकाचा अंत होतो. शेवट पहिल्याच चित्रात ठेवलेला आहे. तो ओळखता येत नाही, एवढेच.

अक्षरे मात्र साधी आहेत, ती नाचत नाहीत. दिग्दर्शकाने आपल्या कृतीला तेथे ‘चित्रपट’ न म्हणता ‘फोटो-रोमान’ म्हटले आहे. छायाचित्रांखाली मजकूर छापून प्रेमकथा सांगणाऱ्या स्वस्त मासिकांचे ते नाव. या एका शब्दाने प्रेक्षकाला सांगितले जाते, की चित्रे हलणार नाहीत, ती पाने उलटल्यासारखी पाहावीत. नामावलीची कल्पना म्हणतात ती हीच : एक स्थळ, एक ध्वनी, एक शब्द, आणि तिन्ही कथेच्या गाभ्यातून घेतलेले.

आपल्याकडील हौशी लघुपट पाहताना नेमके हेच हरवलेले दिसते. दहा मिनिटांच्या लघुपटात एक मिनिट बोधचिन्हे आणि आभार चालतात. अडीच तासांच्या चित्रपटात याच प्रमाणात पंधरा मिनिटे जातील. तेवढे कोण सोसेल? आभार शेवटी जावेत. आरंभी नाव आणि फार तर दिग्दर्शक, एवढे पुरते.

अक्षरांचे दुखणे याहून खोल आहे. हलत्या अक्षरांचे तयार नमुने बहुधा रोमन लिपीसाठी घडवलेले असतात, आणि आपण त्यांत देवनागरी ओततो. समजा लघुपटाचे नाव ‘प्रार्थना’ आहे. रोमन अक्षरे हळूहळू एकमेकांपासून दूर सरकवण्याची एक लोकप्रिय तऱ्हा आहे. ती येथे वापरली की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे लोंबकळू लागतात. टंकलेखनासारखे एकेक अक्षर उमटवले तर आणखी फजिती : आधी ‘प’, मग पाय मोडलेला ‘प्’, मग ‘प्र’, पुढे सुटा ‘र’ येतो, त्याचाही पाय मोडतो आणि ‘थ’ येताच तो उडी मारून रफार होऊन बसतो. ‘किनारा’ या नावात आधी ‘क’ दिसतो आणि मग वेलांटी त्याच्या पुढ्यात घुसते. गंभीर लघुपटाच्या पहिल्या पाच सेकंदांत प्रेक्षक हसला, तर त्याचा दोष नाही. कारण असे की संगणक वर्णांच्या क्रमाने चालतो, आणि डोळा अक्षरांच्या. म्हणून शब्द ‘प्रा’, ‘र्थ’, ‘ना’ अशा तीन पूर्ण अक्षरांत तोडावा. त्याहून बरे म्हणजे आख्खा शब्द काळोखातून एकदम उजळू द्यावा, किंवा शिरोरेषेच्या वाटेने डावीकडून उजवीकडे उघडावा. रेषेवर लिहिणाऱ्या हाताची हीच चाल असते.

वळणाची निवडही कथेतूनच व्हावी. मृत्युशय्येवरील आजीच्या कथेला लग्नपत्रिकेचे नागमोडी वळण लावलेले आम्ही पाहिले आहे. बोरूचा जाड-बारीक फटका जुन्या काळाची चाहूल देतो, तर एकसारख्या जाडीचे सरळ अक्षर आजच्या शहराचे वाटते. पण बोरूच्या बारीक रेषा उजळ आभाळावर विरून जातात. तेथे अक्षराला काळी कड लावण्यापेक्षा चित्रातलाच अंधारा कोपरा शोधावा. कड लावली की ते दुकानाची पाटी होते. दोन ओळींचे नाव असेल तर मात्रा, वेलांट्या आणि उकार यांसाठी ओळींत रोमनपेक्षा अधिक अंतर लागते, नाहीतर वरचा उकार खालच्या रफारावर आदळतो.

नाव किती वेळ ठेवावे? सावकाश दोनदा वाचून होईल इतका वेळ, हा जुना ठोकताळा अजूनही उपयोगी पडतो. मात्र परीक्षा संगणकासमोर बसून करू नये. नाव ज्याला ठाऊक आहे त्याला ते अर्ध्या क्षणातही वाचता येते. ज्याने ते कधी ऐकले नाही अशा माणसाला सभागृहातील शेवटच्या बाकावर बसवावे, दिवे मालवावेत आणि एकदाच दाखवून दोन प्रश्न विचारावेत : नाव काय होते, आणि आता कशाची कथा येईल असे वाटते? पहिल्याचे उत्तर चुकले तर अक्षर बदलावे. दुसऱ्याला त्याने ‘लग्नाची’ म्हटले आणि कथा आजीच्या मृत्यूची असली, तर कल्पनाच नव्याने मांडावी लागेल.