वैधानिक खर्चाची तरतूद : शैक्षणिक न्यासांच्या अंदाजपत्रकातील एक उणीव

महाराष्ट्रातील शैक्षणिक न्यासांच्या अंदाजपत्रकात लेखापरीक्षण शुल्क, विमा व कायदेशीर पूर्तता ‘किरकोळ खर्च’ या एकाच शीर्षाखाली मांडणे सदोष ठरते. कारण या खर्चांचा काळ भिन्न असतो. समजा, शुल्क ५०,००० रुपये आहे. ते मार्चअखेर संपलेल्या वर्षाचे असूनही सप्टेंबरमध्ये दिले जाते. करमुक्त शिक्षणसेवेमुळे १८ टक्के जीएसटीची वजावट मिळत नसल्याने बोजा ५९,००० होतो. याउलट, १ ऑक्टोबरला भरलेल्या ३६,००० रुपयांच्या वार्षिक विमाहप्त्यापैकी १८,००० पुढील वर्षाचे असतात. विश्वस्तबदलाच्या अहवालासारखी पूर्तता तर अवचित उद्भवते. तिच्यासाठी स्वतंत्र राखीव रक्कम हवी. शुल्काची देय तरतूद केवळ वहीतच राहिली, तर सप्टेंबरमध्ये वेतनाच्या पैशांनाच हात लागतो.