नकाशावर काय रंगवू नये

मागच्या महिन्यात एका परिसंवादात मी शेवटच्या रांगेत बसलो होतो. पडद्यावर महाराष्ट्राचा नकाशा आला. २०११ च्या जनगणनेतलं लिंगगुणोत्तर, म्हणजे दर हजार पुरुषांमागे स्त्रिया किती, हे जिल्हावार दाखवायचं होतं. पस्तीस जिल्हे, सात रंग, प्रत्येक जिल्ह्यात नाव आणि आकडा, कोपऱ्यात सात ओळींची रंगसूची. वक्ते म्हणाले, "प्रादेशिक तफावत स्पष्ट दिसते." मला मात्र गोधडी दिसली!

चूक कुठे होती ते पाहू. पहिली चूक रंगांची. लाल, हिरवा, जांभळा, पिवळा यांत मोठं कोण आणि लहान कोण, हे डोळ्याला कळत नाही. त्यामुळे प्रत्येक जिल्ह्यासाठी नजर सूचीकडे जाते, परत येते, आणि तोवर मघाचा जिल्हा विसरलेला असतो. दुसरी चूक अशी की रंगही तेच सांगत होता, आकडाही तेच. आणि तिसरी, सर्वांत मोठी: या नकाशातून नेमकं काय सांगायचंय, हे वक्त्यांनी ठरवलंच नव्हतं. ते ठरलेलं नसलं की माणूस सगळंच दाखवतो.

तोच नकाशा मी घरी नव्याने काढला. आधी आकडे उतरत्या क्रमाने लावले. राज्याची सरासरी ९२९. हजारच्या वर फक्त दोन जिल्हे: रत्नागिरी ११२२, सिंधुदुर्ग १०३६. नऊशेच्या खाली फक्त तीन: मुंबई शहर ८३२, मुंबई उपनगर ८६०, ठाणे ८८६. आता गंमत बघा. हे पाचही जिल्हे एकाच किनारपट्टीवर आहेत. मध्ये रायगड, ९५९. म्हणजे दक्षिण कोकणातला पुरुष कामासाठी मुंबईला गेला, बाई गावी राहिली, ही आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असलेली गोष्ट आकड्यांत उभी आहे. अर्थात मुंबईत पुरुष देशभरातून येतात, सगळा हिशेब कोकणाच्या नावावर मांडता येणार नाही. पण सांगायचं वाक्य मिळालं.

मग रंग किती लागले? दोन. हजारच्या वरच्यांना गडद निळा, नऊशेच्या खालच्यांना नारिंगी. लाल-हिरवी जोडी टाळली, कारण सभागृहात तो फरक न दिसणारं कुणीतरी असू शकतं. उरलेले तीस जिल्हे फिकट करडे, सीमारेषा पांढऱ्या, त्यांच्यावर नाव नाही. रंगसूची काढूनच टाकली.

नावं-आकडे फक्त पाचांनाच. पण मुंबई शहर जिल्हा १५७ चौरस किलोमीटरचा आणि गडचिरोली १४,४१२ चा. मुंबईची लोकसंख्या गडचिरोलीच्या जवळजवळ तिप्पट, तरी नकाशावर ती टिंबाएवढी. तिच्यावर अक्षर मावत नाही. तेव्हा अरबी समुद्राची मोकळी जागा वापरायची: बारीक रेघ पश्चिमेला ओढून नाव आणि आकडा पाण्यात लिहायचा. मग लॅपटॉपवर नव्हे, सभागृहातल्या पडद्यावर शेवटच्या रांगेतून बघायचं. फिकट करडा पडद्यावर पांढऱ्यात विरून जातो आणि राज्याचा आकारच नाहीसा होतो, तो तिथेच पकडता येतो.

एक बारकावा. पालघर जिल्हा २०१४ साली ठाण्यातून वेगळा झाला. आजचा छत्तीस जिल्ह्यांचा नकाशा घेऊन त्यात २०११ चे आकडे भरले, तर पालघर रिकामा राहतो. आकडे ज्या वर्षाचे, सीमाही त्याच वर्षाच्या हव्यात.

आता तुम्ही विचाराल, "सर, तीस जिल्हे तुम्ही लपवलेत की!" हो, लपवले. गोंदिया ९९९ वर आहे. एका आकड्याने निळा व्हायचा राहिला. हजारची रेघ मी ओढली, ती निसर्गाने ओढलेली नाही. म्हणून ती तोंडाने सांगायची, आणि पस्तीस आकड्यांचा तक्ता कागदावर वाटायचा.

पण याहून गंभीर गोष्ट बीडची. एकूण गुणोत्तर ९१६, म्हणून माझ्या नकाशात तो निमूट करडा आहे. शून्य ते सहा वयोगटात मात्र त्याच बीडमध्ये हजार मुलग्यांमागे ८०७ मुली होत्या, राज्यात ८९४. हे स्थलांतर नव्हे. सहा वर्षांखालची मुलं नोकरीसाठी गाव सोडत नाहीत. इथे प्रश्न मुलीला जन्माला येऊ देण्याचा आहे. ही गोष्ट त्याच नकाशावर आडव्या-उभ्या रेघांनी चढवण्याचा मोह होतो. तो टाळा. तिला वेगळी स्लाइड द्या: एकच रंग, एकच जिल्हा, दोन आकडे.

त्या परिसंवादातल्या नकाशात बीड होता, नावासकट, आकड्यासकट. पण एकूण गुणोत्तराचा, पस्तिसांतला एक. सगळं दाखवल्याचं समाधान वक्त्यांना मिळालं, आणि बीडच्या मुलींबद्दल सभागृहात कुणी एक प्रश्नही विचारला नाही.