सारांशाचा सारांश : काय गळते?

बाबासाहेबांच्या १९३६ च्या 'जातिनिर्मूलन' या भाषणाचा सारांश मी पदवीच्या वर्गाला तीन टप्प्यांत लिहायला सांगतो. आधी दोन पाने, त्यांवरून एक परिच्छेद, त्यावरून एक वाक्य. शेवटी बहुतेक वह्यांत हेच वाक्य उरते : 'आंतरजातीय विवाहाने जात नष्ट होईल.' हे खोटे म्हणता येत नाही, आणि खरी अडचण तीच आहे.

पहिल्या टप्प्यात मुद्दे शाबूत राहतात. सामाजिक सुधारणेचा अग्रक्रम, जात म्हणजे श्रमांची नव्हे तर श्रमिकांची विभागणी, चातुर्वर्ण्याची अव्यवहार्यता, हे सारे येते. गळतो तो श्रोता. भाषण लाहोरच्या जातपाततोडक मंडळासाठी लिहिले होते. मंडळाला त्यातला काही मजकूर नको होता. बाबासाहेबांनी स्वल्पविरामही बदलायला नकार दिला. अधिवेशन झाले नाही आणि भाषण त्यांनी स्वखर्चाने छापले. सवर्ण सुधारकांना उद्देशून केलेला हा वाद सारांशात कोणालाही उद्देशून नसलेला निबंध होतो.

परिच्छेदात प्रश्न गळतात. बाबासाहेब आधी सहभोजन अपुरे ठरवतात, मग आंतरजातीय विवाह हा खरा उपाय सांगतात आणि तिथेच थांबून विचारतात : मग बहुसंख्य हिंदू असे विवाह का करीत नाहीत? उत्तर असे, की ज्या श्रद्धा ते पवित्र मानतात त्यांना हे विवाह मानवत नाहीत. म्हणून शास्त्रांच्या पावित्र्यावरील विश्वासच नष्ट केला पाहिजे. परिच्छेद लिहिताना विद्यार्थी प्रश्न काढून दोन्ही उपाय शेजारी ठेवतो : 'विवाह व्हावेत आणि शास्त्रप्रामाण्य नाकारावे.' 'म्हणून'च्या जागी 'आणि' येतो. (मीही विद्यार्थी असताना गाईडवरून असेच लिहिले होते, आणि गुणही मिळाले होते.)

पुढचे काम सोपे होते. 'आणि'ने जोडलेल्या दोहोंपैकी एक सहज कापता येतो, आणि कापला जातो तो शास्त्रांवरचा हल्ला. उरलेले वाक्य कुठल्याही सत्कार समारंभात निर्धास्त म्हणता येते. ज्या मजकुरासाठी अधिवेशन मोडले, नेमका तोच नाहीसा होतो.

ओळखण्याची खूण साधी आहे. वाक्याला 'का?' विचारा. उत्तर वाक्यात नसेल तर कारण गळाले. दुसरी गोष्ट, वाक्य परिच्छेदावरून करू नये. मूळ भाषण पुन्हा उघडून करावे, नाहीतर आधीच्या टप्प्याची चूक पक्की होते. तसे केल्यावर एका मुलीने लिहिले : 'शास्त्रांवरच्या श्रद्धेमुळे जात टिकते, म्हणून आंतरजातीय विवाह हा उपाय खरा असला, तरी ती श्रद्धा मोडल्याशिवाय तो चालणार नाही.'

वाक्य लांबले, पण 'म्हणून' जागेवर आले. लाहोर मात्र यातही नाही. ते एका वाक्यात मावत नाही, म्हणून वाक्याखाली वर्ष आणि भाषण कोणासाठी होते, एवढे मी वेगळे लिहून घेतो.